ग्राइंडरवरचा लाल ठिपका

आमच्या घरात कपाटाच्या किल्ल्या कुणीही घ्याव्यात, पण कॉफीच्या ग्राइंडरवरच्या, पूड जाड-बारीक करायच्या कड्याला हात लावायचा नाही, असा सासऱ्यांचा दंडक होता. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्यांनी मला ओट्यापाशी उभं केलं आणि विचारलं, "सूनबाई, तुझ्याकडे नखांचा रंग आहे का?" मी चक्रावले. लाल बाटली आणून दिली. त्यांनी चष्मा लावला, कडं जरा इकडे, जरा तिकडे केलं, पूड चिमटीत घेऊन चोळली आणि मग कड्यावर एक ठिपका दिला. बरोबर खालच्या खाचेसमोर. "हा ठिपका आणि ही खाच. समोरासमोर. बाकी काही बघायचं नाही."

ते तसे बोलघेवडे नव्हते, पण कॉफीचा विषय निघाला की त्यांना थांबवणं कठीण. आयुष्यभर एका कॉफी कंपनीत चव बघायचं काम केलेलं. तिथे त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे, जीभसाहेब म्हणत. जीभसाहेब 'हं' म्हणाले की पोती आत, 'ऊंहूं' म्हणाले की पोती परत. घरातही तसंच. भाजीला 'हं', जावयाला 'ऊंहूं'.

तर त्या दिवशी त्यांनी मला शिकवलं ते असं. पाणी पुडीतून आधी आंबटपणा उचलतं, मग गोडवा, आणि सगळ्यात शेवटी कडूपणा. पूड जाड ठेवलीस तर पाणी धावत सुटतं, आंबट तेवढं घेऊन खाली येतं, कॉफी पातळ होते. पूड फार बारीक केलीस तर दुहेरी पंचाईत. एक तर बारीक कणांतून सगळंच भराभर सुटतं, आणि वर पाणीही अडून बसतं. अडून बसलेलं पाणी गप्प बसत नाही, तळाचा कडूपणा खरवडून आणतं. "आपल्या ड्रिप मशीनला डोकं नाही," ते म्हणाले, "ते आपलं गरम पाणी ओतत राहणार. किती वेळ थांबायचं ते पाणी ठरवत नाही, पूड ठरवते. वाळूसारखी पूड हवी. पिठासारखी नको."

मी मान डोलावली. मला तेव्हा कॉफीत दूध आणि साखर घातली की झालं, एवढंच कळत होतं. पण ठिपका मी जपला. ओटा पुसताना ग्राइंडर उचलून बाजूला ठेवायचे, कड्याला बोट लागू द्यायचे नाही.

गेल्या वर्षी सासऱ्यांना ताप आला. बरे झाले, हिंडाफिरायला लागले, पण कॉफीबद्दल कुरकुर सुरू झाली. "पाणी झालंय, सूनबाई." मी म्हणायचे, बिया त्याच, माप तेच, ठिपका जागेवर. दोन-चार वेळा कुरकुरले आणि मग आपोआप गप्प झाले. सकाळची कॉफी स्वतःच दळायला लागले. मला बरंच वाटलं. एक काम कमी झालं. मी माझ्या कपात साखर जास्त घालायला लागले होते, हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नाही. साखरेचा डबा लवकर संपतो म्हणून मी नवऱ्याला दोष द्यायचे.

आता नवऱ्याबद्दल सांगायला हवं. त्यानं ऑफिसची नोकरी सोडून कॉफीच्या बिया भाजायचा धंदा धरला होता. मागच्या खोलीत भाजायचं यंत्र बसवलं, पिंपासारखं, चार पायांवर उभं. दिवसभर तो त्याच्यासमोर कान देऊन उभा. बिया तडकायला लागल्या की चेहरा असा करायचा की जणू कुणीतरी त्याचं नाव पुकारतंय. चांगल्या भाजायचा की नाही, ते मला सांगता येत नव्हतं. शेजारपाजारचे घेऊन जायचे, पुन्हा यायचे. पण त्याला शेजाऱ्यांचं काय कौतुक? त्याला बापाचं 'हं' हवं होतं. चाळिशी उलटलेला माणूस, पण बापाला कप दिला की तिथेच समोर उभा राहायचा. आणि बाप कप खाली ठेवून म्हणायचा, "चालेल." चालेल! रिक्षावाल्याला म्हणतात तसं.

मग जुन्या कंपनीच्या मालकांचा फोन आला. त्यांना घरगुती गिऱ्हाइकांसाठी नव्या भाजलेल्या बिया हव्या होत्या. "जीभसाहेबांनी मान हलवली तर तुझ्याच घेतो," असं त्यांनी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं. आणि अट घातली की दुकानातल्या मोठ्या यंत्रावर नाही, घरच्या साध्या ड्रिप मशीनवर करून पाजायची, कारण त्यांचं गिऱ्हाईक तशीच पितं.

नवऱ्याचं जेवण गेलं. तीन-तीनदा भाजून पाहिलं, मागच्या खोलीतच जाडसर कुटून चाखून पाहिलं, त्यातल्या सगळ्यात आवडत्या बिया निवडल्या. मालक येऊन बसले तेव्हा तो दळायला उठला, तर सासरे म्हणाले, "कड्याला हात लावायचा नाही. मी दळतो." त्यांनी दळलं. चौघांची म्हणून भांडं भरून करायची होती, पूडही जास्त. मी पाणी भरलं, बटण दाबलं.

मशीन नेहमीसारखं गुरगुरलं, टाकी रिकामी झाली, वाफ सोडून गप्प झालं. पण थेंब काही थांबेनात. खालच्या भांड्यात धार नाही, नुसतं टिप, टिप. मी झाकण उचलून बघितलं तर गाळणीच्या कागदातल्या पुडीवर पाणी काठोकाठ साचलेलं, डबक्यासारखं. मला वाटलं मशीनमध्ये क्षार साचला असेल. बाहेर मालक घड्याळ बघत होते. नवरा दोनदा आत येऊन गेला. शेवटी एकदाची कॉफी झाली.

मालकांनी घोट घेतला. ते सभ्य गृहस्थ, पण ओठाचा कोपरा ओढला गेलाच. औषध गिळावं तसा तो घोट गिळला. सासऱ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. मग आपला कप उचलला, घोट तोंडात फिरवला, डोळे मिटले, जसे ते आयुष्यभर मिटत आले. आणि डोळे उघडून म्हणाले, "जळलीय. आतून जळलीय."

नवऱ्यानं आपला कप तोंडाला लावला. मी त्याच्याकडेच बघत होते. त्याला भांडायचं होतं, पण भांडणार कसा? कॉफी खरोखरच कडू होती. जीभ कोरडी पडावी अशी. त्यानं कप खाली ठेवला आणि मान खाली घातली.

"जीभसाहेब बोलले म्हणजे विषय संपला," मालक म्हणाले आणि उठले. जाताना त्यांनी नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला आजही राग आणते.

त्यानंतर नवऱ्यानं भाजायचं यंत्र विकायला काढलं. मी म्हटलं, अरे एका कपावरून? तर म्हणाला, "मीच चाखली ना. मला ते भाजताना कळलं नाही, म्हणजे मला येतच नाही." गिऱ्हाईक मिळालं, टेम्पो कधी येणार ते ठरलं. माझा जीव तीळ तीळ तुटत होता, आणि त्याच्या बापाचा मात्र सकाळचा कप चुकत नव्हता.

टेम्पो यायच्या आदल्या दिवशी मला मशीनची आठवण झाली. म्हटलं, निदान क्षार तरी काढू. व्हिनेगर घालून धुतलं, मग नुसतं पाणी टाकून चालवलं. पाणी नेहमीच्या वेळेत वर चढलं, नेहमीच्या वेळेत खाली आलं. मी चमकले. क्षार असता तर टाकी रिकामी व्हायला वेळ लागला असता. त्या दिवशी टाकी वेळेवर रिकामी झाली होती. पाणी वर चढायला अडत नव्हतं, पुडीतून खाली उतरायला अडत होतं.

मी सकाळचा वापरलेला कागद कचऱ्यातून काढला. आत गाळ होता, चिखलासारखा, बोटाला चिकटणारा. मग डब्यातली उरलेली दळलेली पूड चिमटीत घेऊन चोळली. पीठ. ग्राइंडरपाशी गेले. ठिपका खाचेसमोर नव्हताच. तो पार भिंतीच्या बाजूला, दिसू नये अशा ठिकाणी गेला होता.

कडं मी फिरवून ठिपका खाचेवर आणला. मालकांसमोर ज्या बिया ठेवल्या होत्या त्यातल्या थोड्या उरल्या होत्या, त्यांतल्या मूठभर दळल्या. या वेळी पूड वाळूसारखी पडली. बटण दाबलं. पाणी साचलं नाही, बारीक धार लागली, टाकी रिकामी झाल्यावर थोड्याच वेळात शेवटचा थेंब पडला. मी दूध घातलं नाही, साखर घातली नाही. घोट घेतला. भाजलेल्या बदामासारखी चव, आणि मागे राहून गेलेला गोडवा. जळलेलं काही नव्हतं. कडूपणा होता, पण असावा तेवढाच. मी तिथेच स्टुलावर बसले आणि रडले. आनंदानं नाही, संतापानं.

संतापाला मी थोडा वेळ दिला. मग राहिलेल्या बियांचे दोन वाटे करून दळले. एकदा कडं पार जाड बाजूला नेऊन, एकदा पार बारीक. दोन वेगळ्या कॉफ्या केल्या. रंगावरून कळू नये म्हणून आतून काळे असलेले मग काढले. नवरा बाहेर गेला होता. सासरे खिडकीशी पेपर वाचत बसले होते. दोन्ही मग त्यांच्यासमोर ठेवले.

"बाबा, एक आंबट आहे, एक कडू आहे. कुठली कुठली ते सांगा."

त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले. दुसरा घेतला, डोळे मिटले. आणि मग डोळे उघडून ते माझ्याकडे बघायला लागले. कपाकडे नाही, माझ्या तोंडाकडे. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि खिडकीबाहेर बघत उभी राहिले.

मागे पुन्हा दोन घोट घेतल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, "उजवीकडची. उजवीकडची कडू आहे."

"उजवीकडची पाण्यासारखी आंबट आहे, बाबा. मूल सांगेल."

मागे वळले तर त्यांनी मग खाली ठेवला होता आणि पेपरची घडी घालत होते, पुन्हा पुन्हा.

"गरम लागतं," ते म्हणाले. "गरम आहे एवढं कळतं. बाकी काही नाही."

"तापापासून?"

त्यांनी मान हलवली. "वाटलं बारीक दळलं तर लागेल. रोज थोडं थोडं सरकवत गेलो. एक दिवस लागेल असं वाटत होतं."

"आणि त्या दिवशी? जळलीय म्हणालात ते?"

"मालकांचं तोंड बघितलं," ते म्हणाले.

मला त्यांची दया यायला हवी होती. थोडी आलीही. पण मागच्या खोलीत दोरीनं बांधून ठेवलेलं यंत्र मला दिसत होतं. मी म्हटलं, "उद्या टेम्पो यायच्या आत त्याला सांगा. नाहीतर मी सांगेन."

"सांगतो," ते म्हणाले. "पण मला माझ्या पद्धतीनं सांगू दे."

मी मूर्ख. मी म्हटलं, बरं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. नवरा आणि टेम्पोवाला दोघांनी यंत्र उचललं, दारापर्यंत आणलं. सासरे दारात आडवे उभे राहिले.

"थांब. खाली ठेव ते. बिया जळल्या नव्हत्या."

नवऱ्याला ऐकूच आलं नाही जणू. "काय?"

"बिया चांगल्या होत्या. दळण बारीक पडलं होतं. ठिपका सरकला होता."

"तुम्हीच दळलं होतंत ना, बाबा?"

"चष्मा नव्हता डोळ्यांवर. ठिपका बघितलाच नाही." एवढं म्हणून ते क्षणभर थांबले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ओटा पुसताना सूनबाईच्या हातून सरकला असेल. तिला बिचारीला काय कळणार त्यातलं."

तोंड उघडलं होतं मी, शब्द ओठांवर होते. पण माझी नजर नवऱ्याकडे गेली. तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो बापाकडे बघत होता, आणि त्याचे ओठ हलत होते. बिया चांगल्या होत्या. बिया चांगल्या होत्या. आत्ता मी म्हटलं की यांना चवच लागत नाही, तर 'जळलीय' जसं खोटं ठरेल तसंच 'चांगल्या होत्या' हेही खोटं ठरेल. त्याच्या हातात पुन्हा काहीच उरणार नाही. मी तोंड मिटलं. टेम्पोवाला विचारत होता, न्यायचं की ठेवायचं?

"ठेवायचं," नवरा म्हणाला. आणि मग माझ्याकडे वळला. "एवढं सांगितलेलं असताना हात लावलास कशाला?"

यंत्र आत यायला मी दार पूर्ण उघडून धरलं.

यंत्र परत आपल्या जागी गेलं. नवऱ्यानं लगेच ठिपका खाचेवर आहे याची खात्री करून कॉफी केली. सासऱ्यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हं." आयुष्यात पहिल्यांदा. नवरा तोंड धुवायला म्हणून आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. मालकांना फोन लावला, तर त्यांनी दुसऱ्याचा माल घेऊन टाकला होता. पुढं बघू, म्हणाले. पुढं कुणी बघत नसतं.

धंदा आपला लहानसा चालू राहिला. लोक घरी येऊन बिया नेतात. आणि नवऱ्याला एक किस्सा मिळाला. नवं गिऱ्हाईक आलं की त्याला दळणाचं महत्त्व समजावून सांगताना तो म्हणतो, "आता हेच बघा, आमच्या बायकोनं ओटा पुसताना एवढासा ठिपका सरकवला आणि एवढा मोठा मालक हातचा घालवला!" गिऱ्हाईक हसतं. नवरा हसतो. सासरे कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून तेही हसतात. मी पिशव्या बांधते.

सासरे आता प्रत्येक खेपेला 'हं' म्हणतात. कधी 'उत्तम' म्हणतात. नवऱ्याचा चेहरा उजळतो. मला मात्र ते बघवत नाही. ज्या शब्दासाठी तो चाळीस वर्षं वाट बघत होता, तो आता रोज फुकट वाटला जातोय, आणि त्याची किंमत फक्त मला ठाऊक आहे. निदान मला तसं वाटत होतं.

परवा त्यानं बिया भाजून आणल्या. वासावरूनच मला कळलं. काळ्याकुट्ट, तेलकट, जळक्या. मी त्याच्याकडे बघितलं, तो म्हणाला, "दळ. ठिपक्यावरच." मी दळलं. पाणी साचलं नाही, वेळेवर उतरलं. दळणाला नाव ठेवायला जागा नव्हती. नवऱ्यानं कप नेऊन बापाच्या हातात दिला आणि समोर उभा राहिला, चेहऱ्यावर हसू आणून. चांगलं रुंद हसू.

सासऱ्यांनी त्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघितलं. घोट घेतला. डोळे मिटले.

"उत्तम," ते म्हणाले. "आजवरची सगळ्यात उत्तम."

नवऱ्याचं हसू तसंच राहिलं. तो आत माझ्यापाशी आला आणि आपला कप सिंकमध्ये रिकामा केला.

"मुद्दाम जाळली होती," तो म्हणाला. "त्या दिवशीही त्यांनी आधी मालकांकडे बघितलं होतं. मला ते राहून राहून आठवत होतं."

त्यानं नळ सोडला, बंद केला.

"ठिपका तू सरकवला नव्हतास."

"नाही."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुझं तोंड बघितलं म्हणून," मी म्हटलं.

बाहेरून सासऱ्यांनी हाक मारली, "अजून थोडी आहे का रे?" नवऱ्यानं भांडं उचललं, त्यांचा कप ती जळकी कॉफी ओतून भरला आणि नेऊन दिला. "तुलाही आवडली ना?" सासऱ्यांनी विचारलं. "तुम्हाला आवडली, झालं," तो म्हणाला.

मला वाटलं होतं, आता तरी तो किस्सा बंद होईल. काल एक नवं जोडपं बिया न्यायला आलं. कॉफी घरी कडू होते, म्हणाले. सासरे खुर्चीत होते. नवऱ्यानं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "दळण बारीक पडत असेल," तो म्हणाला, "आता हेच बघा, आमच्या बायकोनं ओटा पुसताना..." आणि किस्सा शेवटपर्यंत सांगितला, एक शब्द न गाळता. जोडपं हसलं, सासरे हसले. कड्यावरचा ठिपका खाचेसमोर आहे ना ते बघितलं आणि मी जोडप्याच्या बिया दळायला घेतल्या.